कोलंबोची गाणी पुण्यात कशी उतरली?

1952 साली बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या हिंदी चित्रपटगीतांना उतरती कळा लागली. श्रोत्यांनी रेडिओचा काटा फिरवला तो थेट रेडिओ सिलोनवर नेऊन थांबवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करत, ती फीत विमानाने कोलंबोला जाई आणि बुधवारी संध्याकाळी तोच आवाज शॉर्ट वेव्हवरून महाराष्ट्रातल्या घराघरांत येऊन पोचे.

फीत विमानातून गेली, पण आवाज परत कोणत्या वाटेने आला? कोलंबो आणि पुणे यांच्यात साधारण 1450 किलोमीटरचं अंतर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे या दोन शहरांना जोडणारी अगदी सरळ रेषा ओढली, तर ती मध्यावर जमिनीच्या पोटात चाळीसेक किलोमीटर खोल जाते. जमिनीला बिलगून जाणारी शॉर्ट वेव्हची लहर तर काही दहा किलोमीटरांतच विरते. म्हणजे आवाज येण्याची वाट एकच उरते, ती वरची. लहर तिरकी आकाशात गेली, सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर वळली आणि खाली उतरली.

‘आयनांबरावरून रेडिओ लहरी परावर्तित होतात’ हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्याच आयनांबरावरून एफएमच्या लहरी का परतत नाहीत? मीडियम वेव्हवर दूरची केंद्रं रात्रीच का लागतात, दुपारी का नाहीत? आणि शॉर्ट वेव्हवर एकाच केंद्राला 25 मीटर, 41 मीटर असे दोन-दोन पट्टे कशाला लागतात? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच राशी आहे. तिचं नाव प्लाझ्मा वारंवारता.

वर आहे तरी काय?

पृथ्वीपासून साठ-सत्तर किलोमीटरच्या वर हवा फार विरळ होते आणि सूर्याचे अतिनील व क्ष-किरण तिथल्या अणुरेणूंवर थेट आदळतात. त्या माऱ्याने अणूतला एखादा इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि मागे धन विद्युतभाराचा आयन उरतो. सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या अशा मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात.

आयनांबर म्हणजे निव्वळ इलेक्ट्रॉन आणि आयनांचा थर, असं मात्र नाही. तीनशे किलोमीटर उंचीवर, जिथे इलेक्ट्रॉन सर्वांत दाट असतात तिथेही, साधारण हजार अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन सुटलेला असतो. भर दिवसा तिथे एका घन सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास सुटे इलेक्ट्रॉन सापडतात. शंभर किलोमीटर उंचीवर त्यांची संख्या लाखभर असते आणि सत्तर-ऐंशी किलोमीटरवर काही शेकडे ते हजार. या तीन पातळ्यांना अनुक्रमे एफ, ई आणि डी थर म्हणतात. सूर्य मावळल्यावर खालच्या थरांतले इलेक्ट्रॉन आयनांना पटापट जाऊन मिळतात, कारण तिथे हवा दाट असते. एफ थरात हवा इतकी विरळ असते की सुटा इलेक्ट्रॉन तासन् तास सुटाच राहू शकतो. त्यामुळे रात्री डी थर जवळजवळ नाहीसा होतो, ई थर क्षीण होतो आणि एफ थर मात्र टिकून राहतो.

इलेक्ट्रॉनांचा आपला ठेका

आता या प्लाझ्मातला एक तुकडा घ्या आणि त्यातले सगळे इलेक्ट्रॉन किंचित उजवीकडे सरकवा. आयन जागचे हलणार नाहीत, कारण ऑक्सिजनचा आयन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे 29 हजार पट जड असतो. उजव्या कडेला ऋण भार साचला आणि डाव्या कडेला उघडे पडलेले धन आयन राहिले. दोन्ही बाजूंच्या भारांमुळे एक विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते इलेक्ट्रॉनांना मागे, डावीकडे खेचतं. इलेक्ट्रॉन परत येतात, पण मूळ जागी पोचेपर्यंत त्यांना चांगलाच वेग आलेला असतो. ते थांबत नाहीत, पलीकडे डावीकडे निघून जातात आणि मग तिथून पुन्हा उजवीकडे खेचले जातात. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो ठरावीक वेळातच पुढे-मागे होतो, थोडा जोर लावा की जास्त लावा. इलेक्ट्रॉनांच्या या हालचालीलाही तसाच आपला ठेका असतो. एका सेकंदात अशी जितकी आंदोलनं होतील, ती त्या प्लाझ्माची वारंवारता. अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर आणि लुई टाँक्स यांनी 1920च्या दशकाच्या अखेरीस वायूच्या नळ्यांमध्ये ही आंदोलनं अभ्यासली. या स्थितीला प्लाझ्मा हे नावही लँगम्यूर यांनीच दिलं.

हा ठेका कशावर ठरतो? इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान सगळीकडे सारखंच असतं. बदलतं ते फक्त इलेक्ट्रॉनांचं दाटपण. इलेक्ट्रॉन जितके दाट, तितका सरकवल्यावर कडेला साचणारा भार जास्त, म्हणून मागे खेचणारं बळ जास्त आणि आंदोलन जलद. हिशेब मांडला की एक सुटसुटीत सूत्र हाती येतं:

f = 9√N

इथे N म्हणजे एका घन सेंटिमीटरमधल्या सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या आणि f म्हणजे किलोहर्ट्झमध्ये मोजलेली प्लाझ्मा वारंवारता. दहा लाखांचं वर्गमूळ हजार, म्हणून भर दिवसाच्या एफ थराची प्लाझ्मा वारंवारता 9000 किलोहर्ट्झ, म्हणजे 9 मेगाहर्ट्झ. लाखभर इलेक्ट्रॉनांच्या ई थराची 2.8 मेगाहर्ट्झ. सूत्रात वर्गमूळ आहे हे ध्यानात ठेवायला हवं. इलेक्ट्रॉन चौपट कमी झाले तरी वारंवारता निम्म्यावरच येते. रात्रीतून आयनांबर बरंच विरळ होऊनही शॉर्ट वेव्ह चालू राहते, याचं एक कारण या वर्गमुळात आहे.

लहर आत शिरते तेव्हा

आता खालून एक रेडिओ लहर या इलेक्ट्रॉनांत येते. लहर म्हणजे मुळात सतत दिशा पालटणारं विद्युत क्षेत्र आणि त्याच्या जोडीचं चुंबकीय क्षेत्र. बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राला जन्म देतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र पुन्हा विद्युत क्षेत्राला. या परस्परांच्या जोरावरच लहर पोकळीतून पुढे जाते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दाखवून दिलं, की पोकळीतलं बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्याच्या कामी एखाद्या विद्युतप्रवाहासारखंच वागतं.

प्लाझ्मात मात्र लहरीला सुटे इलेक्ट्रॉन भेटतात आणि तिच्या तालावर हलू लागतात. इथे थोडं थांबून नीट पाहायला हवं, कारण परावर्तनाचं सारं गुपित या हालचालीत आहे. इलेक्ट्रॉन उजव्या टोकाला पोचून परत फिरतो, तेव्हा त्याच्यावरचं बळ डावीकडे असतं. डाव्या टोकाला असतो तेव्हा बळ उजवीकडे असतं. म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन आपल्या जागेपासून नेहमी बळाच्या उलट बाजूला सरकलेला सापडतो. याचा परिणाम असा की या इलेक्ट्रॉनांच्या हालण्याने जो खराखुरा विद्युतप्रवाह तयार होतो, तो मॅक्सवेलच्या त्या प्रवाहाच्या बरोबर उलट दिशेने वाहतो. लहर स्वतःला पुढे नेण्यासाठी जे करू पाहते, त्यातला काही भाग इलेक्ट्रॉन खोडून काढतात.

किती भाग खोडला जाईल, हे लहरीच्या वारंवारतेवर ठरतं. लहर जलद असेल तर इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला सवडच मिळत नाही. तो हलतो न हलतो तोच क्षेत्राची दिशा पालटते. लहर संथ असेल तर प्रत्येक हेलकाव्यात त्याला भरपूर वेळ मिळतो आणि तो दूरवर जातो. खोडल्या जाणाऱ्या भागाचं प्रमाण म्हणजे प्लाझ्मा वारंवारता भागिले लहरीची वारंवारता, आणि त्याचा वर्ग. लहरीची वारंवारता प्लाझ्मा वारंवारतेच्या दुप्पट असेल तर पाव भाग खोडला जातो. एफएमचं 100 मेगाहर्ट्झवरचं केंद्र 9 मेगाहर्ट्झच्या आयनांबरात शिरलं, तर जेमतेम 0.8 टक्का. त्या लहरीला वाटेत आयनांबर लागलं काय नि न लागलं काय, फारसा फरक पडत नाही. ती सरळ अवकाशात निघून जाते. म्हणूनच आपलं एफएम शहराच्या आसपासच ऐकू येतं.

आणि दोन्ही वारंवारता सारख्या झाल्या की सगळाच्या सगळा भाग खोडला जातो. त्याहून संथ लहरीच्या बाबतीत तर इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वरचढ होतो. एका क्षेत्रातून दुसरं क्षेत्र उपजण्याची साखळी तुटते. लहरीचा जोर थोड्याच अंतरात ओसरतो, ती पुढे प्रवास करू शकत नाही. मग तिच्या ऊर्जेचं काय होतं? इलेक्ट्रॉन कशावरही आदळत नसतील, तर ती ऊर्जा उष्णतेत जाऊ शकत नाही, आणि पुढची वाटही बंद असते. हलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक छोटा प्रक्षेपक असतो. असंख्य इलेक्ट्रॉनांनी एकतालात सोडलेल्या लहरी पुढच्या दिशेने मूळ लहरीला रद्द करतात आणि मागच्या दिशेने एकत्र येऊन नवी लहर घडवतात. या मागे आलेल्या लहरीलाच आपण परावर्तित लहर म्हणतो.

चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा चकाकतो तेही याच नियमाने. धातूत एका घन सेंटिमीटरमध्ये 10²² हून अधिक सुटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे त्यांची प्लाझ्मा वारंवारता थेट अतिनील किरणांच्या पट्ट्यात जाते आणि दृश्य प्रकाश तिच्याखाली राहतो. ज्या अर्थाने 7 मेगाहर्ट्झची लहर आयनांबरासाठी ‘संथ’ आहे, त्याच अर्थाने दिव्याचा प्रकाश चांदीसाठी संथ आहे. म्हणजे ‘कमी वारंवारतेच्या लहरी परावर्तित होतात’ या वाक्यातलं ‘कमी’ हे नेहमी समोरच्या इलेक्ट्रॉनांच्या मानाने घ्यायचं असतं.

पुरावा कसा मिळाला?

12 डिसेंबर 1901 रोजी गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स इथे, पतंगाला तार बांधून इंग्लंडच्या पोल्ढूहून सोडलेला मोर्सचा ‘एस’ ऐकल्याचं जाहीर केलं. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा तो पल्ला पृथ्वीच्या गोलाईत बसत नव्हता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत आर्थर केनेली आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी वेगवेगळं सुचवलं, की वर विद्युतवाहक थर असला पाहिजे. पण तो खरोखर आहे आणि किती उंच आहे, हे ठरायला 1924चा डिसेंबर उजाडावा लागला.

एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी त्यासाठी बीबीसीचं बोर्नमथचं केंद्र वापरलं आणि ऑक्सफर्डमध्ये ग्राहक ठेवला. तिथे एक लहर जमिनीलगत पोचत होती आणि दुसरी, असलीच तर, वरून. प्रक्षेपणाची वारंवारता त्यांनी हळूहळू बदलत नेली. दोन लहरींच्या वाटांची लांबी वेगळी असेल, तर वारंवारता बदलताना त्या कधी एकमेकींना जोर देतील, कधी मारतील, आणि आवाज ठरावीक अंतराने वाढेल-घटेल. नेमकं तेच घडलं. हे चढउतार मोजून वाटांमधला फरक काढता आला आणि त्यावरून थराची उंची निघाली नव्वदएक किलोमीटर. तो ई थर होता. त्याच्या कितीतरी वर असलेला एफ थरही ॲपलटन यांनीच पुढे हुडकला. 1947चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.

आज हेच काम आयनोसोंड नावाचं यंत्र करतं. ते सरळ वर रेडिओचे ठोके सोडतं आणि दर ठोक्याला वारंवारता थोडी वाढवत जातं, साधारण 1 मेगाहर्ट्झपासून 20 मेगाहर्ट्झपर्यंत. 300 किलोमीटरवरून प्रतिध्वनी यायला दोन सहस्रांश सेकंद लागतात. वारंवारता वाढेल तशी लहर अधिकाधिक दाट इलेक्ट्रॉनांपर्यंत जाऊन परतते. मग एक वारंवारता अशी येते की प्रतिध्वनी येतच नाही, कारण तिला अडवू शकेल इतका दाट थर वर कुठेच नसतो. तिला क्रांतिक वारंवारता म्हणतात. ती गाठण्याच्या जरा आधी आलेखाची रेघ एकदम वर उसळलेली दिसते. थर काही उंच गेलेला नसतो, तर वळणाच्या जागी लहरीचा ठोका अतिशय मंदावतो आणि परतायला उशीर करतो. समजा 7.2 मेगाहर्ट्झला प्रतिध्वनी नाहीसा झाला. सूत्र उलटं लावा: 7200 भागिले 9 म्हणजे 800, त्याचा वर्ग 6 लाख 40 हजार. त्या क्षणी डोक्यावर सर्वांत दाट जागी घन सेंटिमीटरमागे इतके इलेक्ट्रॉन आहेत, हे जमिनीवर बसून कळलं. नवी मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली इथल्या केंद्रातून अशी मोजणी करत आली आहे. चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ असल्यामुळे त्या जागेचं महत्त्व वेगळं आहे.

तिरकी वाट

आता रेडिओ सिलोनकडे परत येऊ, कारण हिशेबात एक अडचण दिसते. 25 मीटरचा पट्टा म्हणजे सुमारे 12 मेगाहर्ट्झ. समजा, संध्याकाळी एफ थराची क्रांतिक वारंवारता 6 मेगाहर्ट्झ आहे. लहर आयनांबराच्या मानाने दुप्पट जलद आहे, तर ती अवकाशात निघून जायला हवी. मग ती पुण्यात कशी उतरली?

उत्तर तिच्या तिरकेपणात आहे. सरळ वर जाणाऱ्या लहरीला परत फिरवायचं, तर तिला पूर्ण थांबवावं लागतं, म्हणजे शंभर टक्के खोडावं लागतं. तिरक्या लहरीला मात्र फक्त वळवायचं असतं. वरच्या दिशेने इलेक्ट्रॉन दाट होत जातात. जिथे इलेक्ट्रॉन दाट, तिथे लहरीचे शिखर-तळ अधिक वेगाने सरकतात. त्यामुळे तिरक्या लहरीचा वरचा भाग खालच्या भागाच्या पुढे जातो आणि लहर हळूहळू खाली कलते. ती आडवी झाली की काम झालं, पुढे ती आपोआप उतरणीला लागते.

कोलंबोहून निघून 300 किलोमीटर उंचीवर वळून पुण्यात उतरायचं, तर पृथ्वीची गोलाई धरून लहर थरात उभ्या रेषेशी सुमारे 65 अंशांचा कोन करून शिरते. इतक्या तिरक्या लहरीला आडवं करायला शंभर नव्हे, फक्त 18 टक्के खोडलं जाणं पुरतं. तिला जी क्रांतिक वारंवारता लागते ती 12 नव्हे, तर 12 भागिले 2.3, म्हणजे 5 मेगाहर्ट्झच्या जरा वर. इलेक्ट्रॉनांच्या भाषेत सांगायचं तर 12 मेगाहर्ट्झची लहर सरळ वरून परत यायला घन सेंटिमीटरमागे जवळपास 18 लाख इलेक्ट्रॉन हवेत, आणि पुण्याच्या वाटेवर वळायला सव्वातीन लाख पुरतात. आपल्या 6 मेगाहर्ट्झच्या आयनांबरात साडेचार लाखांच्या आसपास आहेत. म्हणून गाणी पुण्यात पोचतात.

याच हिशेबाची दुसरी बाजू बंगळुरूला दिसते. बंगळुरू कोलंबोपासून सुमारे 700 किलोमीटरवर, म्हणजे पुण्याच्या निम्म्या अंतरावर आहे. तिथे उतरायला लहर जास्त उभी जावी लागते आणि उभ्या लहरीला ते साडेचार लाख इलेक्ट्रॉन अपुरे पडतात. अशा संध्याकाळी 12 मेगाहर्ट्झची लहर कोलंबोपासून सुमारे 1100 किलोमीटरच्या आत कुठेच उतरत नाही. जवळच्याला ऐकू येत नाही आणि लांबच्याला स्वच्छ ऐकू येतं. या मधल्या मुक्या पट्ट्याला ‘स्किप झोन’ म्हणतात. 41 मीटरच्या पट्ट्याची, म्हणजे 7.3 मेगाहर्ट्झची लहर मात्र चारशे-सव्वाचारशे किलोमीटरपासून पुढे उतरू शकते, म्हणून बंगळुरूला ती सोयीची. आणि रात्र चढल्यावर क्रांतिक वारंवारता 4 मेगाहर्ट्झवर आली, तर पुण्याच्या वाटेची कमाल मर्यादाही 9.4 मेगाहर्ट्झवर घसरते. मग 25 मीटर गप्प होतो आणि पुणेकरालाही 41 मीटरवर यावं लागतं. शॉर्ट वेव्हच्या श्रोत्यांना हे सरावाने ठाऊक होतं: दिवसा आणि संध्याकाळी लहान मीटर, रात्री मोठे मीटर.

संथ लहरीचा दिवसाचा शत्रू

मग वारंवारता कमीच ठेवली तर काय बिघडलं? मीडियम वेव्हच्या 1 मेगाहर्ट्झच्या लहरीला तर दिवसाचा ई थरसुद्धा सहज परत पाठवू शकतो. तरीही दुपारी मीडियम वेव्हवर लांबचं केंद्र लागत नाही, कारण ई थरापर्यंत पोचण्याआधी लहरीला डी थरातून जावं लागतं.

परावर्तनाच्या वर्णनात आपण एक अट घातली होती, की इलेक्ट्रॉन कशावरही आदळत नसावेत. डी थरात ती अट मोडते. तिथली हवा इतकी दाट असते की एकेक इलेक्ट्रॉन सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा रेणूंवर आदळतो. लहरीकडून घेतलेली गती तो परत लहरीला देऊ शकत नाही, ती धडकेत उष्णता होऊन जाते. डी थराचे इलेक्ट्रॉन लहर अडवण्याइतके दाट नसतात, पण तिची शक्ती शोषून घेण्यापुरते पुष्कळ असतात. संथ लहर इलेक्ट्रॉनला दूरवर हलवते, म्हणून तिचं नुकसानही जास्त होतं. शॉर्ट वेव्हवर वारंवारता दुप्पट केली तर शोषण साधारण चौथाईवर येतं. सूर्यास्तानंतर डी थर विरला की मीडियम वेव्हची लहर न अडखळता वर जाते, ई किंवा एफ थरावरून परतते आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं एकामागून एक लागू लागतात.

म्हणजे लांबच्या प्रक्षेपणाला दोन मर्यादा असतात. वरची मर्यादा एफ थराच्या प्लाझ्मा वारंवारतेने ठरते, खालची डी थराच्या शोषणाने. रेडिओ अभियंता दर तासाला या दोन मर्यादांच्या मधली वारंवारता निवडतो, आणि जमेल तितकी वरच्या मर्यादेच्या जवळची, म्हणजे शोषण कमी होतं.

यातूनच बिघाड ओळखण्याची एक पद्धतही मिळते. सूर्यावर मोठा भडका उडाला की क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि दिवसाच्या बाजूचा डी थर एकाएकी दाट होतो. अशा वेळी शॉर्ट वेव्ह खालच्या वारंवारतांपासून बंद पडत जाते. वरचे पट्टे शेवटी जातात, आधी परततात, आणि पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला काहीच घडत नाही. भूचुंबकीय वादळात मात्र अनेकदा एफ थर विरळ होतो. तेव्हा आधी वरचे पट्टे जातात, खालचे चालू राहतात आणि हा त्रास तासाभराचा नसून दिवस-दोन दिवसांचा असतो. पट्टा कोणत्या टोकाकडून रिकामा होत गेला, एवढ्यावरून बिघाड डी थराचा की एफ थराचा, हे जाणकार सांगू शकतो.

आत येणाऱ्या लहरी

प्लाझ्मा वारंवारतेची ही अट दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहे. खालून वर जाणाऱ्या संथ लहरी जशा परततात, तशाच अवकाशातून येणाऱ्या संथ लहरीही आयनांबराच्या वरच्या अंगावरून परत फिरतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळची जीएमआरटी ही दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टिपते. 150 मेगाहर्ट्झच्या लहरीला आयनांबर अडवू शकत नाही. 9 मेगाहर्ट्झच्या प्लाझ्मात तिचा फक्त 0.36 टक्के भाग खोडला जातो. पण तबकड्या 25 किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या माथ्यावरचं आयनांबर किंचित वेगळं असतं. एवढ्याशा फरकानेही आकाशातल्या स्रोताची जागा सरकल्यासारखी दिसते आणि प्रतिमा धूसर होते. ती सरळ करण्यासाठी निरीक्षकांना आयनांबराचा परिणाम मोजून वजा करावा लागतो, आणि वारंवारता जितकी कमी, तितकं हे काम अवघड होतं.

10 मेगाहर्ट्झच्या खाली तर ही खिडकी बहुतेक वेळा बंदच असते. विश्वाच्या अगदी आरंभकाळी हायड्रोजनच्या ढगांतून निघालेल्या लहरी विश्वाच्या प्रसरणामुळे ताणल्या जाऊन आज इतक्याच संथ झालेल्या असणार. त्या ऐकायच्या तर आयनांबर ओलांडून जावं लागेल. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला रेडिओ दुर्बीण उभारण्याचे जे बेत आखले जात आहेत, त्यांमागे हे एक ठोस कारण आहे. तिथे पृथ्वीच्या रेडिओ केंद्रांचा गोंगाट चंद्राच्या आडोशामुळे पोचत नाही, आणि माथ्यावर असा दाट इलेक्ट्रॉनांचा थरही नाही. ज्या इलेक्ट्रॉनांनी कोलंबोची गाणी पुण्यात उतरवली, तेच इलेक्ट्रॉन विश्वाच्या सर्वांत जुन्या लहरी आपल्यापासून दूर ठेवतात, आणि दोन्हींचा हिशेब त्याच एका वर्गमुळाने होतो.